गाईड बदल आणि मुदतवाढ: माझ्या पीएच.डी.च्या दोन अर्जांचा अनुभव

27 जून 2025 ला माझा प्रबंध विद्यापीठात जमा झाला. पावती हातात आली तेव्हा मूळ मुदत संपून जवळजवळ वर्ष झालं होतं. त्याआधीच्या दीड वर्षात मी दोन अर्ज केले: एक गाईड बदलण्याचा, दुसरा मुदतवाढीचा. दोन्ही अर्ज एकेकदा रखडले. या काळात मी जिथे जिथे विचारलं तिथे वेगळं उत्तर मिळालं. म्हणून जे प्रत्यक्ष घडलं ते तारखांसह लिहून ठेवते आहे.

मी एका अनुदानित कॉलेजात भूगोल शिकवते. पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्याचं पत्र 12 जुलै 2018 चं. विषय होता माण तालुक्यातली शेततळी. 2016 मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली आणि दुष्काळी भागात प्लास्टिकचं अस्तर घातलेली शेततळी झपाट्याने वाढली. ती पावसाच्या पाण्याने भरतात की विहिरी-बोअरचं पाणी उपसून भरली जातात, हे मला 140 शेततळ्यांवर तपासायचं होतं. त्यासाठी एकाच तळ्याची पातळी पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा अशी मोजावी लागते. हा तपशील मुद्दाम सांगते, कारण पुढे समितीसमोर माझी बाजू याच गोष्टीने सावरली.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि त्या उन्हाळ्याच्या मोजण्या हुकल्या. 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत गावात बाहेरच्यांना येऊ देत नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुलगी झाली. कॉलेजातून 180 दिवसांची प्रसूती रजा घेतली आणि पुन्हा कामाला लागले. संशोधन सुरूच होतं, फक्त मागे पडलं होतं. गाईड सर 31 मे 2023 ला निवृत्त होणार हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. सर म्हणायचे, “तोवर तुझं होऊन जाईल गं.” मलाही तसंच वाटत होतं.

सर निवृत्त झाले तेव्हा माझी सात प्रकरणांपैकी चार लिहून झाली होती. जुलैत मी नेहमीप्रमाणे सहामाही प्रगती अहवाल सरांच्या घरी जाऊन सहीसाठी दिला. सरांनी आनंदाने सही केली, चहा पाजला, पाचव्या प्रकरणाचे नकाशे बघितले. सप्टेंबरमध्ये तो अहवाल संशोधन केंद्राकडून परत आला. वर लाल शाईत एकच ओळ होती: ‘मार्गदर्शक सेवेत नाहीत.’

तेव्हा कुठे मी नियम नीट वाचायला बसले. माझी नोंदणी यूजीसीच्या 2016 च्या नियमांखाली येते. त्यानुसार मार्गदर्शक हा पूर्णवेळ, नियमित सेवेतला शिक्षकच असावा लागतो. 7 नोव्हेंबर 2022 च्या नव्या नियमांत निवृत्त मार्गदर्शकाला वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक म्हणून राहता येतं, पण मुख्य मार्गदर्शक सेवेतलाच हवा. शिवाय निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्या शिक्षकाने नवीन विद्यार्थी घ्यायचा नाही असंही त्यात आहे. म्हणजे 1 जून 2023 पासून कागदोपत्री मला गाईडच नव्हता, आणि गाईडच्या सहीशिवाय माझा कुठलाही कागद पुढे सरकणार नव्हता.

त्याच दिवशी दुसराही धक्का बसला. सहा वर्षांची मुदत विषयाला मान्यता मिळाल्यापासून, म्हणजे फेब्रुवारी 2019 पासून मोजायची असं मी धरून चालले होते. पीएच.डी. विभागातल्या ताईंनी माझी फाईल काढली, प्रवेशपत्रावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “मॅडम, कोर्सवर्क धरून सहा वर्षं. तुमची मुदत 11 जुलै 2024.” माझ्या हिशेबातले सात महिने तिथेच गेले. ज्यांची नोंदणी चालू आहे त्यांनी आजच हे विभागात विचारून घ्या, आणि शक्य असेल तर लेखी घ्या.

नवा गाईड शोधण्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर गेले. विषय जाणणारे लोक होते, पण जागा नव्हत्या. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात, आणि दुसऱ्याकडून आलेला विद्यार्थीही त्यातच मोजला जातो. तिघांनी याच कारणाने नकार दिला. चौथ्या मॅडम सहयोगी प्राध्यापक होत्या, भूजलावरच काम करणाऱ्या. त्यांच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध नुकताच जमा झाला होता, पण व्हायवा बाकी होती. विभागाने सांगितलं की प्रबंध जमा झाला की जागा रिकामी धरतो, पण जमा केल्याची पावती अर्जाला जोडा. ही पावती त्या विद्यार्थ्याकडून मिळवायला मला दहा दिवस लागले.

मॅडम दुसऱ्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात होत्या. त्यामुळे गाईड बदलासोबत केंद्र बदलही आला. जुन्या केंद्राचा ना हरकत दाखला, तिथल्या ग्रंथालयाचं आणि फीचं येणं नसल्याचं पत्र, नव्या केंद्राचं संमतिपत्र, सरांची ना हरकत, मॅडमची संमती, आधीच्या सगळ्या सहामाही अहवालांच्या प्रती. सरांची ना हरकत ते निवृत्त असल्यामुळे लागणार नाही असं मला एकाने सांगितलं होतं. विभागाने मागितलीच. सरांनी ती हाताने लिहून दिली आणि खाली एक वाक्य घातलं की आजवरच्या कामातली सर्व मोजणी व नकाशे विद्यार्थिनी पुढे वापरू शकते. तेव्हा मला हे वाक्य अनावश्यक वाटलं. त्याची किंमत मला एका मैत्रिणीच्या अनुभवातून कळली, तो पुढे सांगते.

अर्ज 18 डिसेंबर 2023 ला आवक झाला. शुल्क 2,500 रुपये, आणि नव्या केंद्राचं वर्षाचं शुल्क वेगळं. जानेवारीत संशोधन व मान्यता समितीची बैठक झाली. मी निर्धास्त होते. आठवड्याने फोन केला तर माझा विषय अजेंड्यावर आलाच नव्हता. अर्ज आधी विषय कक्षात छाननीला जातो, तिथून टिपण तयार होऊन समितीकडे जातं, आणि अजेंडा बैठकीच्या पंधरा दिवस आधी बंद होतो. माझं टिपण दोन दिवसांनी हुकलं होतं. पुढची बैठक मार्चमध्ये. तेव्हापासून मी दर सोमवारी आवक क्रमांक सांगून ‘टिपण झालं का, अजेंड्यावर आलं का’ एवढे दोनच प्रश्न विचारायला लागले. कुणाला राग आला नाही, उलट कामाचा माणूस कोण ते मला कळलं.

मार्चच्या बैठकीत गाईड बदल मान्य झाला. निवृत्ती हे कारण समितीला पुरेसं होतं, त्यावर फारशी चर्चाच झाली नाही असं नंतर कळलं. गाईडचं निधन, दीर्घ आजार, दुसऱ्या विद्यापीठात बदली, परदेशात मोठी रजा, मार्गदर्शक म्हणून असलेली मान्यता संपणं, ही कारणंही अशीच मान्य होतात, कारण ती एका आदेशाने किंवा दाखल्याने सिद्ध होतात. मान्यतेचं पत्र मात्र 22 एप्रिल 2024 ला आलं. लोकसभेची निवडणूक लागली होती आणि विभागातली बरीच मंडळी प्रशिक्षणाला आणि ड्यूटीला होती. मुदत संपायला तेव्हा अडीच महिने उरले होते.

इथे माझ्या मैत्रिणीचं सांगायला हवं. ती रसायनशास्त्रात आहे, तिचे गाईड सेवेत आहेत आणि तिचं त्यांच्याशी पटत नव्हतं. तिच्या पहिल्या अर्जात ‘मार्गदर्शकांशी मतभेद’ असं लिहिलेलं होतं. तो परत आला. समितीतल्या कुणालाही आपल्या सहकाऱ्याविरुद्ध निवाडा द्यायचा नसतो, आणि मतभेद मोजायला काही साधनही नसतं. मग तिने काय घडलं ते तारखांनी मांडलं. सल्लागार समितीची बैठक दर सहा महिन्यांनी व्हायला हवी असताना दीड वर्षात एकच झाली होती. दोन प्रकरणं ईमेलने दिली होती, त्या ईमेलच्या तारखा होत्या, लेखी अभिप्राय एकाचाही नव्हता. हे कागद घेऊन ती आधी विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि गाईडने ना हरकत दिली. अर्जात कारण लिहिलं गेलं ते ‘उर्वरित काम नव्या मार्गदर्शकांच्या तज्ज्ञतेच्या क्षेत्रात येते’ असं, आणि ते खरंही होतं. पण ना हरकतीत अट होती की प्रकल्पाच्या निधीतून तयार झालेले नमुने आणि त्यांची निरीक्षणं तिथेच राहतील. तिचं एक अख्खं प्रकरण गेलं. ना हरकत मिळालीच नसती तर तिला विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावं लागलं असतं. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार या समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर लोकपालांकडे अपील करता येतं. तिने तो अर्ज लिहून तयार ठेवला होता.

आता मुदतवाढ. पहिला अर्ज मी 6 मे ला केला आणि तो चुकीचा होता हे आता मला स्पष्ट दिसतं. मी लिहिलं होतं: ‘कोविड, प्रसूती, कौटुंबिक जबाबदाऱ्या, कॉलेजचा कामाचा ताण आणि मार्गदर्शकांची निवृत्ती या कारणांमुळे काम पूर्ण होऊ शकले नाही, तरी दोन वर्षे मुदतवाढ मिळावी.’ महिलांना दोन वर्षं मिळतातच, असं माझ्या डोक्यात होतं. 21 मे ला त्रुटीचं पत्र आलं: ‘कारणनिहाय कालावधी व पुरावे जोडावेत. उर्वरित कामाचे वेळापत्रक जोडावे.’

नियमाचे शब्द पुन्हा वाचले. महिलांना आणि 40 टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत ‘देता येईल’ असं आहे. सवलत आपोआप लागू होत नाही, ती मागावी लागते आणि समिती ती किती द्यायची ते ठरवते. प्रसूती वा बालसंगोपनाची 240 दिवसांपर्यंतची रजा संपूर्ण पीएच.डी.त एकदा मिळते, तीही वेगळी मागावी लागते. मी रजा घेतली होती ती नोकरीतून. विद्यापीठाला कळवलंच नव्हतं. त्यांच्या नोंदीनुसार मी ते सहा महिने संशोधनच करत होते, आणि त्या काळातल्या सहामाही अहवालात ‘काम समाधानकारक’ असा शेराही होता! मुलगी झाली तेव्हा एका पानाचं पत्र पीएच.डी. विभागाला दिलं असतं तर हे सगळं टळलं असतं. ज्या आता गरोदर आहेत त्यांनी हे पत्र पुढे ढकलू नये.

दुसरा अर्ज लिहायला मला आठ दिवस लागले. नव्या गाईड मॅडम माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “कारणांची यादी नको. प्रत्येक कारणाने किती महिने गेले, ते दाखव. आणि महिने का गेले ते तुझ्या विषयातून सांग.” मग आम्ही एक तक्ता केला. 2020 चा उन्हाळा: मोजणी शून्य. पुरावा म्हणून टाळेबंदीआधी काढलेलं क्षेत्रभेटीचं वेळापत्रक आणि कॉलेजने दिलेली रद्द केल्याची नोंद. 2021 चा उन्हाळा: ज्या गावांत जायचं होतं त्यांतल्या दोन ग्रामपंचायतींकडून त्या काळात प्रवेशबंदी होती असे दाखले आणले. माझं कॉलेज तिथून दोन जिल्हे लांब. त्या दाखल्यांसाठी दोन दिवस गेले आणि गाडीभाड्यासकट 1,900 रुपये. ऑगस्ट 2021 पासून सहा महिने: रजेचा आदेश आणि मुलीचा जन्मदाखला. जून 2023 ते एप्रिल 2024: सरांचा सेवानिवृत्ती आदेश, गाईड बदलाचा आवक क्रमांक, मान्यतेचं पत्र.

तक्त्याखाली एक परिच्छेद होता: उन्हाळ्यातली मोजणी मार्च ते मेमध्येच होते. ती हुकली तर तीन महिन्यांत भरून निघत नाही, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं. त्यानंतर उरलेलं काम. 140 पैकी 112 तळ्यांच्या दोन्ही मोजण्या झाल्या होत्या, 28 तळ्यांची उन्हाळ्यातली मोजणी बाकी होती. पाच प्रकरणं लिहून झालेली, दोन बाकी. एक शोधनिबंध प्रकाशनाच्या वाटेवर. सादरीकरण, वाङ्मयचौर्य तपासणी, छपाई. प्रत्येकापुढे महिना. सगळं जुळवल्यावर वर्ष पुरत होतं, म्हणून मागणी दोन वर्षांवरून एक वर्षावर आणली. हा अर्ज 10 जूनला गेला, म्हणजे मुदत संपण्याच्या एक महिना आधी. मुदत संपल्यानंतर आलेल्या अर्जाला आमच्याकडे वेगळी वाट आहे आणि ती फार लांबची आहे, तेव्हा अपुरा वाटला तरी अर्ज आधी आवक करून ठेवणं बरं.

4 जुलैला समितीने बोलावलं. बाहेरच्या बाकावर आम्ही सहा जण होतो, प्रत्येकाच्या मांडीवर फाईल. माझा नंबर चौथा. आत सात माणसं, टेबलावर माझा तक्ता. अध्यक्षांनी पहिलं पान उलटलं आणि थेट शेवटच्या पानावर गेले. “28 तळी राहिलीत. ती सोडून का नाही देत? 112 पुरत नाहीत?” मी सांगितलं की ती 28 तळी तालुक्याच्या पूर्वेकडची आहेत, जिथे बोअर सगळ्यात खोल गेल्यात, आणि ती सोडली तर माझा निष्कर्ष पश्चिमेकडचा होईल, तालुक्याचा नाही. त्यांनी मान हलवली.

मग एका सदस्या मॅडमनी विचारलं, “मार्गदर्शकांची निवृत्तीची तारीख तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होती. तुम्ही गाईड बदलाचा अर्ज सहा महिने आधी का नाही केला?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खरं ते सांगितलं, की तोवर काम संपेल असं वाटलं होतं आणि सरांना सोडवत नव्हतं. त्या म्हणाल्या, “अर्ज केल्यापासूनचा काळ धरू. आधीचा नाही.” जून ते डिसेंबर 2023 त्यांनी तक्त्यातून वगळला. कामाच्या ताणाबद्दल मी तोंडीच बोलायला लागले तर तिसऱ्या सदस्यांनी शांतपणे थांबवलं: नोकरी असल्याचं तुम्हीच प्रवेशाच्या अर्जात लिहिलं आहे, तेव्हा ते नवं कारण नाही. मला वाईट वाटलं, पण त्यांचा मुद्दा समजला. नोंदणीनंतर घडलेलं, आपल्या हातात नसलेलं आणि तारखेने दाखवता येणारं तेवढंच ते धरत होते. कोविडबद्दलही असाच प्रश्न आला. यूजीसीने तेव्हा सहा-सहा महिन्यांची वाढ दिली होती, पण ती ज्यांची मुदत त्या काळात संपत होती त्यांच्यासाठी. माझी संपत नव्हती, म्हणून ती मला लागू नाही असं त्यांनी सांगितलं. ग्रामपंचायतींचे दाखले मात्र त्यांनी हातात घेऊन वाचले आणि दोन्ही उन्हाळे मान्य केले.

बाहेर आले तेव्हा बारा मिनिटं झाली होती. माझ्यानंतरचा मुलगा घामाने भिजला होता. त्याच्या फाईलमध्ये वैद्यकीय दाखला होता, पण त्यावर ‘विश्रांतीचा सल्ला’ एवढंच लिहिलेलं, किती दिवस ते नाही. मी त्याला म्हटलं, रुग्णालयात दाखल झाल्याचे आणि सुट्टी मिळाल्याचे कागद असतील तर वरती लाव. ते त्याच्या बॅगेत होते, फाईलमध्ये नव्हते. त्याने तिथेच स्टेपलर मागून घेतला.

मला एक वर्ष मिळालं, 11 जुलै 2025 पर्यंत. पत्र 9 ऑगस्टला आलं, सोबत 5,000 रुपये मुदतवाढ शुल्क, आणि अट की पुढची वाढ मिळणार नाही. पत्र येईपर्यंतच्या महिन्यात माझी नोंदणी चालू होती की नाही, याचं उत्तर कुणीच ठामपणे दिलं नाही. पत्रात वाढ 12 जुलै 2024 पासून धरली होती, त्यामुळे खंड पडला नाही. पत्र आल्यावर ही ‘पासून’ची तारीख आधी तपासा. फेलोशिप असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: मुदतवाढ नोंदणीला मिळते, फेलोशिपला नाही. नेट-जेआरएफची एकूण पाच वर्षं संपली की ती संपते. माझ्या बाकावरच्या एका मुलीला हे त्या दिवशी कळलं.

2025 च्या एप्रिलमध्ये मी पूर्वेकडच्या त्या 28 तळ्यांवर गेले. 25 तळी मोजता आली. तीन मालकांनी अस्तर फाटलं म्हणून तळी बुजवून टाकली होती. प्रबंधात तसं लिहिलं. निवृत्त सर सादरीकरणाला आले होते, मागच्या रांगेत बसले. सहमार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव पहिल्या पानावर मॅडमच्या नावाखाली आहे. त्यासाठी वेगळा अर्ज लागला होता, पण तो एका बैठकीत मंजूर झाला.